भाव परतला, पैसे नाही परतले

गेल्या आठवड्यात एका वाचकाने विचारलं, ‘भाव व्हीवॅपला परत आला, तरी माझा तोटा कसा झाला?’ दिवसाच्या सौद्यात याहून मोलाचा प्रश्न नाही.

व्हीवॅप म्हणजे उलाढालीचं वजन धरून काढलेली दिवसाची सरासरी. 500 रुपयांना एक लाख शेअर आणि 504 ला तीन लाख शेअर फिरले, तर सरासरी 502 नव्हे, 503 येते. ही रेघ रोज सकाळी सव्वानऊला नव्याने सुरू होते. दिशा नसलेल्या दिवशी भाव तिच्या वर-खाली फिरत राहतो. तो दूर गेला की उलट सौदा करायचा आणि रेघेवर बाहेर पडायचं, ही पद्धत त्या दिवशी चालते.

आता वाचकाच्या प्रश्नासारखं एक उदाहरण घेऊ. रेघ 500 वर असताना तुम्ही 492 ला खरेदी केली. भाव 480 पर्यंत घसरला. खालच्या भावात माल फिरत राहिल्याने रेघही खाली सरकत 489 वर आली. मग भाव उसळून 489 ला रेघेला टेकला. परतणं झालं, पण तुमचे शेअरमागे तीन रुपये गेले. एकाच दिशेने धावणाऱ्या दिवशी रेघच तुमच्यापासून पळत असते.

म्हणून माझा पहिला नियम सौद्याचा नाही, दिवसाचा आहे. साडेदहापर्यंत हात लावायचा नाही. तोवर भावाने रेघ निदान दोनदा ओलांडली असेल आणि रेघ जवळपास आडवी असेल, तरच पुढे जायचं. भाव एकाच बाजूला राहिला आणि रेघही तिकडेच कलत गेली, तर त्या दिवशी उलट सौदा बंद. ‘आता खूपच पडलाय’ ही सबब चालणार नाही.

दुसरा नियम: स्टॉपलॉस खरेदीबरोबरच लावायचा आणि खाली सरकवायचा नाही. सरासरी उतरवायला आणखी खरेदी तर मुळीच नाही. दोन स्टॉपलॉस उडाले की दिवस संपला, कारण सकाळी आपण दिवस चुकीचा ओळखला होता.

4 जून 2024 आठवा. लोकसभेच्या मतमोजणीच्या दिवशी निफ्टी आदल्या दिवशीच्या 23,263 वरून 21,281 पर्यंत कोसळला आणि 21,884 वर बंद झाला. ‘पुरेसा पडला’ म्हणून 22,500 ला घेणाऱ्याला वाटेत बाराशेहून जास्त अंकांची घसरण सोसावी लागली असती आणि दिवसअखेरही सहाशे अंकांचा तोटा उरला असता.

या नियमांची किंमत आहे. साडेदहानंतर दिशा पकडणारा दिवस त्यांतून निसटतो. तिथे स्टॉपलॉसच वाचवतो. काही चांगले सौदेही हुकतात. पण या पद्धतीत नफा थोडाथोडा जमतो आणि एकच धावता दिवस आठवड्याभराची कमाई नेतो. हुकलेल्या सौद्याची हळहळ मला त्याहून स्वस्त वाटते.