‘स’ कुठे गेला?

धुळ्याच्या आणि जळगावच्या बाजारात ज्याने अहिराणी ऐकली आहे, त्याला ‘जास’, ‘करस’, ‘सांगस’ ही क्रियापदे ओळखीची असतील. मराठीतला ‘जातो’ इथे ‘जास’ होतो. म्हणजे वर्तमानकाळाचा सारा भार शेवटच्या ‘स’वर, आणि आमच्या बायाबापड्या तो ‘स’ बोलता बोलता अगदी हलका सोडून देतात. हा एवढासा ‘स’ यंत्रात नीट उतरतो की नाही, यावर आजचे पान आहे.

शिरपूर तालुक्यातल्या एका आजींच्या कथा मी मुद्रित करून घेतो आहे. एक कथा चाळीस मिनिटांची. मूळ डब्ल्यूएव्ही धारिका, म्हणजे काहीही न गाळलेली, सुमारे २१२ मेगाबाइटची झाली. अशा तीस तासांच्या कथांना साडेनऊ गिगाबाइट लागतात. आजींची नातवंडे सुरतेला. त्यांचे फोन आधीच लग्नाच्या चित्रफितींनी गच्च भरलेले. शिवाय कथा उतरवून घेणारी माझी विद्यार्थिनी नगरकडची, अहिराणी न जाणणारी. तिला जे ऐकू येईल तेच ती लिहिणार. तेव्हा धारिका लहान हवी, पण ‘स’ शाबूत हवा.

आवाज लहान करण्याच्या रीतीला कोडेक म्हणतात. जुन्या बटणांच्या फोनमध्ये असे एएमआर. तो आपली कथा पावणेचार मेगाबाइटांत बसवतो, हे खरेच. पण तो घडला टेलिफोनसाठी. सेकंदाला सुमारे साडेतीन हजार कंपनांच्या वरचे सारे तो टाकून देतो. स्वरांना तेवढे पुरते. ‘स’ मात्र म्हणजे दातांमधून निसटणारी हवा. तिचा जोर बहुतेक चार हजारांच्या वरच असतो. म्हणून टेलिफोनवर नाव सांगताना आपण ‘सशातला स’ म्हणून बजावतो. एएमआरमधून ऐकताना विद्यार्थिनीने ‘जास’च्या जागी तीनदा नुसते ‘जा’ लिहिले. काळ गेला, आज्ञा आली! मराठीतही हीच गत: ‘हे जग’ मधला ‘ज’ आणि ‘शंभर वर्षे जग’ मधला ‘ज’ लिहायला एक, उच्चारायला दोन; आणि त्यांतला फरक बराचसा याच वरच्या घर्षणात असतो.

एमपीथ्री सर्वांच्या परिचयाचा. परंतु तो मूळचा गाण्याबजावण्याचा. कानाला काय ऐकू येणार नाही याचा हिशेब करून तो तेवढे गाळतो. सेकंदाला ६४ किलोबिट दिले तर बोलणे छान येते, पण कथा १९ मेगाबाइटांवर जाते. १६ किलोबिटांवर आणली की आजी हंड्यात तोंड घालून बोलते आहे असे वाटते.

ओपस २०१२ साली प्रमाणित झाला. त्याच्या पोटात दोन पद्धती आहेत. एक स्काइपकडून आलेली, बोलण्यासाठी: ती आवाजाची लाट जशीच्या तशी साठवत नाही, तर घशाचा ठोका आणि तोंडाचा आकार यांचे वर्णन साठवते. एएमआरची मूळ कल्पना याच जातीची, पण पट्टा अरुंद. दुसरी पद्धत संगीताची. ओपस गरजेप्रमाणे दोन्ही वापरतो, कधी एकत्रही. व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून पाठवलेले निरोप ओपसमध्येच असतात, तेव्हा वाचकांच्या घरी तो केव्हाच पोचला आहे.

मी संगणकावर एवढेच लिहितो:

```
ffmpeg -i katha.wav -ac 1 -c:a libopus -b:a 16k -application voip katha.opus
```

`-ac 1` म्हणजे एकच वाहिनी. एका तोंडाला दोन कशाला? `16k` म्हणजे सेकंदाला १६ किलोबिट. कथा पाच मेगाबाइटांच्या आत आली, आणि ‘जास’ ‘जास’च राहिला. १२ वर आणली तर ती एएमआरइतकीच होते, तरी ‘स’ टिकतो. ६ वर मात्र ओपसही टेलिफोनच होतो. तिथे जाऊ नये. परीक्षा सोपी आहे: कानाला हेडफोन लावून ‘स’ने संपणारे पाच शब्द मूळ धारिकेत आणि लहान केलेल्या धारिकेत पाठोपाठ ऐकावेत.

दोन अडचणी मात्र सांगायला हव्यात. अंगणात पंखा किंवा पिठाची गिरणी चालू असेल तर थोडेसे बिट त्या घरघरीवरच खर्च होतात. तेव्हा आकडा वाढवण्याआधी पंखा बंद करावा. आणि आधीच एमपीथ्री झालेल्या मुद्रणाचा ओपस केला तर गाळलेले परत येत नाही, उलट आणखी गळते. म्हणून मूळ डब्ल्यूएव्ही मी वेगळ्या डिस्कवर ठेवतो आणि प्रत्येक नवी प्रत तिच्यावरूनच काढतो.

आजींच्या मोठ्या मुलाच्या ट्रॅक्टरवरचा जुना प्लेअर `.opus` ओळखत नाही. त्याच्यासाठी ३२ किलोबिटांचा एमपीथ्री करून दिला, साडेनऊ मेगाबाइटांचा. बाकी सर्वांना ओपस. जात्यावरच्या ओव्या आजी गाऊ लागल्या की मात्र मी ३२ चा ओपस करतो, कारण लांबवलेल्या सुरात १६ किलोबिटांचा खरखरीतपणा लपत नाही.