बैठक राहून गेली

"कालची बैठक राहून गेली. माफ करा." लियोंमधल्या सहकारी बाईंसाठी मी एवढंच लिहिलं आणि फ्रेंच जाणणाऱ्या एका स्नेह्याकडे भाषांतराला दिलं. त्यांनी केलेलं वाक्य मी तसंच पाठवलं: "झ ने पा प्यू आसिस्ते आ ला रेयुनियों", म्हणजे मला बैठकीला हजर राहता आलं नाही. बाईंचं लगेच उत्तर आलं, "तब्येत बरी आहे ना?"

तब्येत ठणठणीत होती. मी बैठक विसरलो होतो. एका शिष्ट, निर्दोष फ्रेंच वाक्याने मला खोटं बोलायला लावलं होतं.

स्नेह्यांचं म्हणणं असं, की मराठी कर्ता लपवते; फ्रेंच स्पष्ट भाषा आहे, तिला कारण लागतं. हे मला साफ नामंजूर आहे. "जमलं नाही" म्हटलं की यायचं होतं, पण अडचण आली. "राहून गेलं" म्हटलं की गोष्ट हातून निसटली. कधी वेळ पुरला नाही तरी आपण "राहून गेलं" म्हणतो, हे खरं. पण ठरल्या वेळच्या बैठकीबद्दल कुणी तसं म्हणालं, तर ऐकणारा अडचण विचारत नाही. फ्रेंचमधलं "प्यू", म्हणजे शक्य होणं, हे पहिल्या वाक्याचं भाषांतर आहे. मी दुसरं लिहिलं होतं.

मग "झे उब्लिये", मी विसरलो, असं लिहावं? ते खरं आहे, पण माझ्या वाक्याच्या मानाने फार तुटक. आणि फ्रेंचमध्ये राहून जाण्याची सोय नाही, हा समजही चुकीचा. "ला रेयुनियों मे सोर्ती द लेस्प्री": बैठक माझ्या मनातून निघून गेली. इथेही बैठकच कर्ता आहे, आणि "मी" मराठीतल्या "मला"सारखा बाजूला उभा आहे. रेयुनियों स्त्रीलिंगी, म्हणून लिहिताना "सोर्ती"च्या शेवटी स्त्रीलिंगी खूण येते. "बैठक गेली"मधली "ली" तीच.

यात दोष झटकला जातो, असा आक्षेप येईल. तो दुसऱ्या वाक्यात उचलायचा. "झ मेक्स्क्यूझ" मध्ये माणूस स्वतःच स्वतःला माफ करतो, असं काटेकोर फ्रेंच वाचकांना वाटतं. आपलं "माफ करा" समोरच्याकडे मागणं आहे. म्हणून "झ व्हू प्री द मेक्स्क्यूझे", मला माफ करावं अशी आपल्याला विनंती. इथे "मी" पुढे येतो, आणि "व्हू"मुळे "तुम्ही"चा मानही राखला जातो.

ही दोन वाक्यं मी दुसऱ्या दिवशी पाठवली. आदल्या दिवशीच्या वाक्याची माफी मात्र वेगळी मागावी लागली.