तार तुटली एका मिनिटात, जोडायला बत्तीस तास का लागले?

मागच्या महिन्यात गोंदियातल्या आमच्या मोहल्ल्याचं वायफाय एका मंगळवारी सव्वाअकराला बंद पडलं आणि बुधवारी संध्याकाळी मगरिबनंतर सुरू झालं. गटाराच्या पाइपसाठी जेसीबी लागला होता, त्याच्या दातात फायबरची केबल सापडली. अशा गोष्टी आता शहरात नवीन नाहीत. लोक दोन दिवस कंपनीला शिव्या देतात, मग विसरतात. पण त्या बत्तीस तासांचा हिशेब मांडला तर लक्षात येतं की आपला राग बऱ्याचदा चुकीच्या माणसावर निघतो आणि ज्याला विचारायला हवं त्याला कोणी विचारतच नाही.

नुकसान काय झालं, तेही सांगून टाकतो. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायचे शेवटचे दिवस होते. कोपऱ्यावरच्या ऑनलाइन सेंटरसमोर पोरांची आणि त्यांच्या अम्मींची रांग होती, ती तशीच परत गेली. मोबाइलचा नेट चालू होता, पण सगळा मोहल्ला एकदम त्याच टॉवरवर आल्यावर तो काय पुरणार? डॉक्युमेंट अपलोड करताना चाक फिरत राहायचं आणि पान परत पहिल्यापासून. घरून काम करणाऱ्या दोन-तीन मुलामुलींची त्या दिवशीची हजेरी गेली.

तार तुटलीय की दुसरं काही बिघडलंय, हे घरबसल्या कळतं. फायबरच्या डब्यावर LOS लिहिलेला एक दिवा असतो. तो लाल होऊन लुकलुकत असेल तर तुमच्या घरापर्यंत प्रकाशच पोहोचत नाही, म्हणजे वाटेत कुठेतरी काच तुटलेली किंवा वाकलेली आहे. तो दिवा बंद आहे, PON हिरवा आहे आणि तरीही नेट नाही, तर तुमची गल्ली ठीक आहे, बिघाड पुढे कंपनीकडे आहे. शेजारच्या चार घरी लाल दिवा असेल तर समजायचं, बिघाड घरातला नाही. मग डबा दहा वेळा बंद-चालू करून काही उपयोग नाही. आमच्याकडे त्या दिवशी पंधरा-वीस घरांत एकाच वेळी लाल दिवा लागला होता.

आता वेळ कुठे गेला ते पाहू. कंपनीची माणसं दुपारी तीनला आली. म्हणजे पावणेचार तास नुसते तक्रारींत गेले. जेसीबीवाल्यांना केबल तुटल्याचं दिसलं होतं, नाही असं नाही. पण त्यांनी कोणाला फोन केला नाही, पाइप टाकला, माती लोटली आणि पुढे सरकले. ही सवय सगळ्यात महाग पडते. खड्डा उघडा असता आणि कोणी तिथे उभं राहिलं असतं, तर बिघाड शोधायला वेळ लागलाच नसता.

मातीखाली गेलेली तूट शोधायला एक यंत्र असतं, त्याला ओटीडीआर म्हणतात. केबलच्या एका टोकातून ते प्रकाशाचा छोटा झोत सोडतं. जिथे काच तुटलेली असते तिथून थोडा प्रकाश उलटा फिरतो आणि तो परत यायला किती वेळ लागला यावरून अंतर कळतं. काचेत प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर जातो. आमच्या केबलमध्ये तूट 1900 मीटरवर दाखवली. म्हणजे जाऊन-येऊन 3.8 किलोमीटर. एका सेकंदाचे दहा लाख भाग केले तर त्यातल्या एकोणीस भागांत प्रकाश परत आला होता.

यंत्र खोटं बोलत नाही, पण ते केबलची लांबी मोजतं, रस्त्याची नाही. वाटेतल्या प्रत्येक चेंबरमध्ये पुढच्या दुरुस्तीसाठी दहा-वीस मीटर केबल गुंडाळून ठेवलेली असते. ती वजा करून रस्त्यावर पावलं मोजायची. कुठे किती गुंडाळी आहे याचा नकाशा नीट ठेवला नसेल, तर अंदाज पन्नास-शंभर मीटर सहज चुकतो. आमच्याकडे हिशेबाची जागा ताज्या खोदकामाच्या चाळीस मीटर अलीकडे येत होती, गल्लीच्या तोंडाशी. सगळ्यांनी मानलं की गुंडाळीचा हिशेब चुकला असणार, कारण ताजी माती तर पलीकडे दिसतेय. शोधाशोध साडेपाचला थांबली. त्या टीमला दुसरीकडेही एक तूट होती, खोदायला मजूर नव्हते आणि अंधार पडायला आला होता. साडेसोळा तास इथे गेले.

बुधवारी दहाला ताज्या मातीत खोदलं. केबल मिळाली, दोन टोकं हातात आली. पण मशीनमध्ये लावून पाहिलं तर कंपनीकडच्या टोकातही प्रकाश नाही! तेव्हा उलगडा झाला. जेसीबी केबल कापत नाही, ओढतो. कात्रीने दोरा कापला तर तो तिथेच तुटतो. पण तोच दोरा हिसडा देऊन ओढला तर जिथे गाठ किंवा वळण असेल तिथे तुटतो. केबलचं वरचं प्लास्टिक ताणून टिकतं, आतली केसासारखी काच टिकत नाही. चाळीस मीटर मागे चेंबरमध्ये केबल वळलेली होती, काच तिथेच तुटली होती. आदल्या दिवशी यंत्राने जागा बरोबर दाखवली होती, माणसांनी मानली नाही.

याचा परिणाम असा की एका ठिकाणी जोडून भागणार नव्हतं. मधली सगळी केबल काढून नवा तुकडा टाकायचा आणि त्याची दोन्ही टोकं जोडायची. तेवढी केबल गाडीत नव्हती, गोदामातून येईपर्यंत दुपारचे तीन झाले.

खरं जोडकाम तिथून सुरू झालं आणि साडेसातला संपलं. साडेचार तास. बत्तीस तासांतलं कारागिरीचं काम एवढंच. केबलमध्ये चोवीस काचा होत्या, दोन टोकं, म्हणजे अठ्ठेचाळीस जोड. एकेक काच सोलायची, स्पिरिटने पुसायची, तिचं तोंड अगदी सरळ कापायचं, दोन काचा मशीनमध्ये समोरासमोर धरायच्या. मशीन ठिणगी देऊन त्या वितळवून एक करतं. मग जोडावर छोटी नळी चढवून तापवायची. एका जोडाला पाच मिनिटं धरली तर चार तास होतात, वर अर्धा तास तयारीचा आणि डबी बंद करण्याचा. धूळ किंवा ओल लागली तर जोड वाया जातो, म्हणून पावसात ही माणसं ताडपत्री धरून बसतात. त्यांना घाई करा म्हणण्यात अर्थ नाही.

याच वेळी मोहल्ल्यात एक भांडण झालं. "त्यांचं चालू झालं, आमचं का नाही? ओळख आहे का?" ओळख नव्हती. काचांना रंग असतात, निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी असे, आणि त्या ठरलेल्या क्रमाने जोडतात. एका काचेवर साधारण बत्तीस किंवा चौसष्ट घरं चालतात. तुमची गल्ली निळ्या काचेवर असेल तर पाचला नेट येईल, शेवटच्या रंगावर असेल तर साडेसातला.

मोठ्या शहरांना जोडणाऱ्या केबल बहुतेक वेळा गोल फिरवून आणलेल्या असतात. एका बाजूने तुटली तर दुसऱ्या बाजूने काम चालतं. मोहल्ल्याची केबल झाडाच्या फांदीसारखी असते, तिला दुसरी वाट नाही. दुसरी वाट नसेल तर देशही बंद पडतो. 28 मार्च 2011 रोजी जॉर्जियात एक वृद्ध बाई फावड्याने तांबं शोधत होती, तिच्या हातून केबल तुटली आणि शेजारच्या आर्मेनिया देशाच्या मोठ्या भागाचं इंटरनेट काही तास गेलं.

आता कायद्याचं. आपल्याला वाटतं एवढा वेळ नेट बंद राहिलं तर काहीतरी भरपाई मिळेल. ट्रायचे 2024 चे सेवा-दर्जाचे नियम ऑक्टोबर 2024 पासून लागू आहेत. त्यानुसार तारेवरच्या कनेक्शनचा बिघाड तीन दिवसांत दुरुस्त झाला नाही तर भाड्यात सूट किंवा मुदतवाढ द्यावी लागते. चोवीस तासांचाही एक नियम आहे, पण तो जिल्हा पातळीवर सेवा बंद पडली तर. आमचे बत्तीस तास दोन्हीत बसत नाहीत. एका मोहल्ल्याची तूट बहुतेक वेळा अशीच मधल्या जागेत पडते. तरीही तक्रार नंबर घेऊन ठेवायचा, कारण तीन दिवस उलटलेच तर दाखवायला तोच कागद आहे. शेजाऱ्याने केली म्हणून आपली झाली, असं होत नाही. आणि ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. आधी कंपनीचं तक्रार केंद्र, मग कंपनीचंच अपील प्राधिकरण, असा रस्ता आहे.

मूळ प्रश्न खोदणाऱ्याचा आहे. त्यासाठी केंद्राने 22 मार्च 2023 रोजी 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप सुरू केलं. न सांगता खोदल्यामुळे देशाचं वर्षाला सुमारे 3000 कोटींचं नुकसान होतं, हा तेव्हाचा सरकारी आकडा. ॲपवर खोदणाऱ्याने जागा टाकायची. तिथे ज्यांची केबल किंवा पाइप आहे त्यांना निरोप जातो, ते येऊन जागा दाखवतात. जानेवारी 2023 च्या नियमांनी अशी आगाऊ सूचना देणं खोदणाऱ्यावर बंधनकारकही केलं आहे. 2023 च्या दूरसंचार कायद्यात दूरसंचार जाळ्याचं नुकसान करणाऱ्याकडून भरपाई आणि 50 लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

एवढं सगळं असूनही आमच्या गल्लीत कोणी निरोप दिला नाही, कोणी दंड भरला नाही. कंपनीलाही पूर्ण निर्दोष म्हणता येणार नाही. सरकारी मापाप्रमाणे साध्या जमिनीत फायबर 165 सेंटिमीटर खोल जायला हवं. आमच्याकडे खड्ड्यात जी केबल निघाली ती दीड-दोन फुटांवर होती, वर खुणेचा दगडही नाही. गटाराचा चर त्याहून खोल जातो, म्हणजे गाठ पडणारच. ठेकेदाराला विचारलं तर तो म्हणतो, इथे तार आहे हे मला कोणी सांगितलं? कंपनीला विचारलं तर ती म्हणते, खोदणार हे आम्हाला कोणी सांगितलं?

हे दोन प्रश्न एका कागदावर संपतात. काम सुरू होण्याआधी वॉर्डातल्या दोघा-चौघांनी साइटवर जाऊन सुपरवायझरला, आणि तो टाळत असेल तर नगर परिषदेच्या बांधकाम विभागाला, एवढंच विचारायचं: ॲपवर नोंद केली का, आणि तिचा नंबर काय? उत्तर लेखी मागायचं. आमच्या मागच्या गल्लीत चर अजून यायचा आहे. तिथल्या लोकांनी असा अर्ज मागच्या शुक्रवारी दिलाय. जुम्माच्या नमाजनंतर बावीस सह्या झाल्या. उत्तर अजून आलेलं नाही, पण पांढऱ्या चुन्याने केबलची रेघ मात्र सोमवारी मारून गेले.