नोट्स नाहीत, अजेंडा नाही, मग मिनिट्स कशाचे लिहिणार?

"सर, मागच्या महिन्यात आमची मीटिंग झाली होती, तिचे मिनिट्स लिहून द्या ना, बँकेला हवेत." माझ्याकडे येणाऱ्यांमध्ये ही मागणी नेहमीची. नोट्स मागितल्या तर उत्तर येतं, "नाहीत हो, तुम्ही घाला काहीतरी." माझं मत स्पष्ट आहे: असे मिनिट्स लिहू नका आणि लिहून घेऊही नका.

मिनिट्स म्हणजे नुसता फॉरमॅट नाही. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर कंपनी कायदा 2013 च्या कलम 118 नुसार मीटिंगनंतर 30 दिवसांत मिनिट्स तयार करावे लागतात. नीट ठेवलेले मिनिट्स पुरावा म्हणून धरले जातात. त्यात फेरफार सिद्ध झाला तर तुरुंगवासाचीही तरतूद आहे. मनाने लिहिलेलं वाक्य उद्या तुमच्याच विरोधात उभं राहू शकतं.

मग करायचं काय? एक उदाहरण घेऊ. तीन भाऊ डायरेक्टर आहेत, मीटिंग तीन आठवड्यांपूर्वी झाली. विषय होता नवीन गोडाऊन आणि त्यासाठी कर्ज.

आधी व्हॉट्सॲप ग्रुप उघडा. मीटिंगची तारीख, वेळ, कोण "निघालो" म्हणाला, कोण आलाच नाही, हे तिथे बहुतेक सापडतं. मग तिघांनाही वेगवेगळं विचारा: काय ठरलं, रक्कम किती, सही कोण करणार? एकत्र विचारू नका. मोठा भाऊ बोलला की बाकीचे नुसती मान डोलावतात.

समजा, गोडाऊन घ्यायचं यावर तिघांचं एकमत निघालं. कर्जाचं मात्र एक म्हणतो 15 लाख ठरले, दुसरा म्हणतो 10, आणि तिसरा म्हणतो, "तो विषय पुढे ढकलला होता." अशा वेळी मिनिट्समध्ये फक्त गोडाऊनचा निर्णय येईल. मसुदा तिघांना पाठवा, लेखी होकार घ्या, मग अध्यक्षांची सही.

कर्जाचा आकडा सरासरी काढून साडेबारा लाख टाकायचा नाही! त्यासाठी नोटीस काढून नवीन मीटिंग घ्या. बोर्ड मीटिंगला साधारण सात दिवसांची नोटीस लागते, तातडीच्या कामासाठी कमी चालते. तिथे ठराव करा आणि त्याच दिवसाची तारीख टाका. मागची तारीख टाकायची नाही. बँकेला ठराव हवा असतो, तो जुनाच असावा असं क्वचितच असतं. तरी मॅनेजरला विचारून घ्या.

आणि भावाभावांत मीटिंगमध्ये कर्जाचा विषयच निघाला नसेल, तर त्या मीटिंगच्या मिनिट्समध्ये कर्ज येणार नाही. एवढं सोपं आहे. पुढच्या वेळी मीटिंग सुटण्याआधी पाच मिनिटं थांबा. काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत, हे मोठ्याने वाचा आणि तिथेच ग्रुपवर टाका.