फाइल लवकर मंजूर झाली, म्हणून मुलगी मागे राहिली

प्रति,
श्री ठाणेदार, सदस्य, प्रतिनिधिगृह, अमेरिकी काँग्रेस,
आणि त्यांच्यामार्फत दोन्ही सभागृहांचे सर्व सदस्य.

ठाणेदार साहेब,

हे पत्र मुद्दाम मराठीत लिहितो आहे. आपण बेळगावात वाढलात, स्वतःच्या आयुष्यावरचं पुस्तक मराठीत लिहिलंत, तेव्हा माझं म्हणणं आपल्यापर्यंत दुभाष्याशिवाय पोचेल. मी आपला मतदार नाही, अमेरिकेचा नागरिकही नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या राहुरी तालुक्यात एका शाळेत गणित शिकवतो. पण मी ज्या कलमाबद्दल लिहितो आहे ते मुंबईतले व्हिसा अधिकारी बदलू शकत नाहीत. ते फक्त आपली काँग्रेस बदलू शकते.

माझी थोरली बहीण न्यू जर्सीत असते. नागरिकत्व मिळाल्यावर तिने माझ्यासाठी भावंडांच्या वर्गात अर्ज भरला. तो दाखल झाला १२ मे २००६ रोजी, आणि तीच आमची प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली जागा. तेव्हा मुलगी चार वर्षांची होती, मुलगा एक वर्षाचा. रांग लांब आहे हे ताईने पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, त्यामुळे वाट पाहायला लावली म्हणून माझी तक्रार नाही. भावंडांच्या वर्गाला साऱ्या जगासाठी मिळून वर्षाला ६५,००० व्हिसे आहेत. हा आकडा १९९० च्या कायद्याने ठरला आणि आजही तोच आहे. त्यात अर्जदाराची बायको आणि मुलंही मोजली जातात. घरटी चार माणसं धरली, तर जगभरातून वर्षाला सोळा हजारांच्या आसपास घरांचा नंबर लागतो. वर एका देशाला सात टक्क्यांपेक्षा जास्त वाटा मिळू नये अशी मर्यादा आहे. भारतातून अर्ज अफाट, म्हणून २०२५ साल उजाडलं तरी आमची रांग २००६ मधल्या तारखांपाशीच रेंगाळत होती.

दर महिन्याला परराष्ट्र खात्याचं व्हिसा बुलेटिन निघतं. आमच्या घरी ते पाहण्याचं काम मुलीचं. ती सातवीत असल्यापासून कॅलेंडरच्या पानामागे त्या महिन्याची तारीख पेन्सिलीने लिहून ठेवायची. काही वर्षी तारीख महिनोन्‌महिने तसूभर हलली नाही. ती जुनी कॅलेंडरं अजून माळ्यावर आहेत.

एकवीस वर्षांखालचं अविवाहित मूल आई-बापाच्या फाइलवर जाऊ शकतं, एकवीस पूर्ण झाली की नाही. आमच्याकडे याला ‘वय निघून जाणं’ म्हणतात. रांगेत उभं असताना मुलं मोठी होतात हे आपल्या सभागृहाच्याही लक्षात आलं होतं, म्हणून ऑगस्ट २००२ मध्ये मुलांच्या वयाला संरक्षण देणारा कायदा झाला. त्यातला हिशोब असा. तारीख खुली होते त्या दिवशीचं मुलाचं वय घ्यायचं, आणि अर्ज दाखल झाल्यापासून मंजूर होईपर्यंत जितके दिवस गेले तितके त्यातून वजा करायचे. उरलेलं वय एकवीसच्या आत असेल, तर कायद्याच्या लेखी मूल अजून मूलच.

हा हिशोब आमच्या घराला लावून दाखवतो. अर्ज १२ मे २००६ ला दाखल, १२ फेब्रुवारी २००९ ला मंजूर, म्हणजे मध्ये १००७ दिवस. मंजुरीचा कागद आला तेव्हा आम्ही पेढे वाटले. तारीख खुली झाली २०२५ मध्ये, एका महिन्याच्या पहिल्या तारखेला. त्या दिवशी मुलीचं वय होतं तेवीस वर्षं, नऊ महिने, तेवीस दिवस. त्यातून १००७ दिवस वजा केले की उरतात एकवीस वर्षं आणि वीस दिवस.

वीस दिवसांसाठी ती बाहेर राहिली.

मुलगा वीस वर्षांचा, त्यामुळे त्याचा प्रश्न आला नाही. मुलाखतीच्या पत्रावर तीन नावं आहेत: माझं, पत्नीचं आणि त्याचं.

साहेब, या हिशोबातली खोच आपण लक्षात घ्यावी. आमची फाइल १००७ ऐवजी १०२८ दिवस मंजुरीविना पडून राहिली असती, तर मुलगी आमच्याबरोबर आली असती. श्रीरामपूरकडच्या एका ओळखीच्या घरात नेमकं तसं झालं. त्यांचा अर्ज पाच वर्षांहून जास्त काळ मंजुरीविना राहिला आणि ते गृहस्थ दर दिवाळीला मला फोन करून हळहळायचे. त्यांची मुलगी माझ्या मुलीपेक्षा काही महिन्यांनी मोठी आहे. ती गेली, कारण पाच वर्षं वजा झाली. दोन्ही घरांनी रांगेत सारखीच वर्षं काढली. मंजुरी आधी आली काय आणि नंतर आली काय, रांग त्याने एक दिवसही पुढे-मागे होत नाही, कारण जागा अर्ज दाखल केल्याच्या तारखेने ठरते. तरीही मुलाचं वय त्या मंजुरीच्या तारखेवर ठरतं. मंजुरीआधीचे १००७ दिवस कायदा आमच्या वतीने मोजतो. मंजुरीनंतरची सोळा वर्षं, जी निव्वळ व्हिशांच्या तुटवड्यामुळे गेली, त्यांतला एक दिवसही मोजत नाही. गणिताचा शिक्षक म्हणून मी या सूत्रामागचं तत्त्व पुष्कळ शोधलं, मला सापडलं नाही.

आमची एक चूकही कबूल करतो, कारण ती बऱ्याच घरांत होते. तारीख खुली होण्याच्या काही महिने आधी आम्हाला फी भरा, कागद पाठवा असं कळवण्यात आलं. बुलेटिनमध्ये दोन तक्ते असतात: एक कागद स्वीकारण्याच्या तारखांचा, दुसरा प्रत्यक्ष व्हिसा देण्याच्या तारखांचा. पहिल्या तक्त्यात नंबर लागला आणि आम्हाला वाटलं, सुटलो. त्या दिवशी मुलीचं हिशोबाचं वय एकवीसच्या आत होतं. नगरपालिकेचा जन्मदाखला, पोलिसांचा दाखला, सगळे कागद तिनेच स्कॅन करून चढवले. पण वकिलातीतून जाणाऱ्यांचं वय दुसऱ्या तक्त्याने मोजतात, पहिल्याने थांबत नाही. आय-७९७ हा मंजुरीचा कागद सोळा वर्षं कपाटात होता. आम्ही त्यावरची प्रायॉरिटी डेट तोंडपाठ केली, मंजुरीची तारीख मात्र कधी नीट पाहिली नाही. ज्यांची फाइल अजून रांगेत आहे त्यांनी या दोन तारखांमधले दिवस आजच मोजून ठेवावेत. मूल कोणत्या दिवशी बाहेर पडेल हे त्यातून आधीच कळतं.

आता पुढचा रस्ता ऐका. आम्ही तिघं गेलो आणि ग्रीन कार्ड मिळालं, की मी मुलीसाठी नवा अर्ज भरू शकतो, एकवीसच्या वरच्या अविवाहित मुलांच्या वर्गात. २०२५ मध्ये ती रांग आठ-नऊ वर्षं मागे होती. तिची चोवीस उलटली आहेत, म्हणजे नंबर लागेल तेव्हा ती तेहेतीस-चौतीस वर्षांची असेल. आणि तोवर तिने लग्न करायचं नाही. मी नागरिक होण्याआधी तिने लग्न केलं तर अर्ज आपोआप रद्द होतो, कारण ग्रीन कार्डवाल्या बापाला विवाहित मुलीसाठी अर्जच करता येत नाही. मी नागरिक झाल्यावर केलं, तर फाइल विवाहित मुलांच्या वर्गात जाते, आणि ती रांग आणखी लांब.

राहुरीसारख्या ठिकाणी याचा अर्थ काय, हे आपल्याला फोड करून सांगायला नको. गेली दोन वर्षं पाहुणे येत होते आणि मी ‘फाइलचं होऊ द्या, मग बघू’ म्हणून परत पाठवत होतो, कारण लग्न झालं असतं तर तिचं नाव तेव्हाच फाइलवरून गेलं असतं. आता त्याच पाहुण्यांना काय सांगू? तिला इथे एकटी ठेवून जाऊ, की वीस वर्षांच्या मुलाची संधी आणि एकोणीस वर्षांची रांग सोडून देऊ? ताई सहासष्ट वर्षांची आहे. आम्ही जाण्याआधी तिचं काही बरंवाईट झालं, तर तिने भरलेला अर्जही तिच्याबरोबर संपतो. दयाबुद्धीने तो पुन्हा जिवंत करण्याची तरतूद आहे, पण ती अधिकाऱ्याच्या मर्जीवर. म्हणून ‘थांबू या’ हेही निर्धास्तपणे म्हणता येत नाही.

माझी मागणी दोन कलमांपुरतीच आहे.

पहिली, जुन्या तारखेची. मुलगी २००६ पासून त्याच रांगेत उभी होती. नव्या अर्जाला तिची १२ मे २००६ ही तारीख लावली, तर नंबर ताबडतोब लागेल. २००२ च्या कायद्यातलं एक उपकलम, आपल्या संहितेतलं ११५३(एच)(३), वाचलं की हेच वचन दिसतं. पहिल्या अर्ध्यात हिशोबाने एकवीस ओलांडलेल्या सगळ्यांचा उल्लेख आहे. दुसऱ्या अर्ध्यात फाइल ‘आपोआप योग्य वर्गात जाईल’ आणि मूळ तारीख राखली जाईल असं म्हटलं आहे. भाच्याची फाइल आत्याच्या नात्याने कोणत्याच वर्गात बसत नाही, तिथे सगळं अडलं. ९ जून २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सरकारचा अर्थ मान्य केला. न्यायमूर्ती एलेना केगन यांच्या निकालपत्रात या कलमाच्या दोन अर्ध्या भागांचा मेळ नीट बसत नाही, हे मोकळेपणाने म्हटलं आहे. ज्या वाक्यावर न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही, ते वाक्य लिहिणाऱ्या सभागृहाने ते पुन्हा लिहावं. निकालापासून ते तसंच आहे.

दुसरी, वय अर्जाच्या दिवशी गोठवण्याची. ही नवी कल्पना नाही. अमेरिकी नागरिकाच्या स्वतःच्या मुलासाठी अर्ज असेल, तर त्याचं वय अर्ज दाखल झाला त्या दिवशीचंच धरायचं, हे त्याच २००२ च्या कायद्यात आहे. त्या मुलांना देशनिहाय रांगही नसते. ज्यांना रांग नाही त्यांचं वय थांबतं आणि ज्यांना एकोणीस वर्षांची रांग आहे त्यांचं चालत राहतं, हे उलटं करा.

यामुळे ६५,००० चा आकडा वाढवावा लागणार नाही. मूल आत आलं तर ते त्याच आकड्यात मोजलं जाईल आणि मागच्यांची रांग थोडी लांबेल. ही किंमत मला कळते आणि मागे उभ्या असलेल्यांच्या घरीही मुलं आहेत. भावंडांचा वर्गच बंद करावा, असं विधेयक २०१७ मध्ये सिनेटमध्ये आलं होतं. आपला देश तो वर्ग पुढे ठेवील की नाही, हा आपल्या मतदारांचा प्रश्न. पण जे अर्ज आपण स्वीकारले, ज्यांची फी घेतली आणि ज्यांना मंजुरीचे कागद पाठवले, त्यांतली मुलं अर्जाच्या दिवशी मुलंच होती.

मुलाखतीला जाताना चौथा फोटोही पाकिटात ठेवतो आहे. दोन बाय दोन इंच, पांढरी पार्श्वभूमी, नियमात सांगितल्याप्रमाणे. तो कागद मागवले तेव्हाच काढला होता. कोणी मागणार नाही हे माहीत आहे.

आपला,
एक शिक्षक आणि दोन मुलांचा बाप
राहुरी, जि. अहिल्यानगर