घरचे आरोग्य : जिभेचा मळ आणि घशाचे दुखणे

वसईतील एक चारचौघांचे एकत्र कुटुंब डोळ्यांपुढे आणू. थोरले चिरंजीव पहाटे उठून विरारहून सुटणारी गाडी गाठतात आणि मुंबईस कचेरीत जातात. त्यांच्या तोंडास दुर्गंधी येते, हे सर्वांस ठाऊक आहे. पण बोलून दाखविण्याचे धाडस कोणी करीत नाही. त्यांच्याच दहा वर्षांच्या मुलाचा घसा दर दीड-दोन महिन्यांनी धरतो. आजीबाईंनी दोघांसाठीही एकच उपाय ठरविला : तांब्याची पट्टी आणून रोज सकाळी जीभ घासावयाची. महिन्याभरात वडिलांचे तोंड सुधारले, मुलाचा घसा मात्र होता तसाच राहिला. हा भेद का पडतो, हे उमगले म्हणजे पट्टीकडून कशाची अपेक्षा करावी आणि कशाची करू नये, हेही आपोआप कळते.

प्रथम वडिलांचे पाहू. तोंडाच्या दुर्गंधीचे मूळ बहुधा पोटात नसून जिभेच्या मागील भागावर असते. तो भाग खडबडीत आहे. गळून पडलेल्या पेशी, अन्नाचे कण आणि घट्ट झालेली लाळ तेथे साचते, आणि त्या थराच्या तळाशी हवेशिवाय जगणारे जंतू वस्ती करितात. ते प्रथिने कुजवून गंधकयुक्त वायू निर्माण करितात, आणि हाच तो वास होय. लाळ हा मळ धुऊन काढीत असते. परंतु निद्रेत ती फारच कमी सुटते, म्हणून सकाळी वास अधिक असतो. आपले चिरंजीव तर घाईने चहा घेऊन निघतात आणि पुढे दीड तास, गाडीच्या दाटीत, पाण्याचा घोटही घेत नाहीत. तोंड कोरडे राहिल्याने सकाळचा वास दुपारपर्यंत पुरतो.

स्वतःचा वास स्वतःस कळत नाही. म्हणून चमच्याच्या उलट्या पाठीने जिभेच्या मागच्या भागावरून हलकेच एक ओढ घ्यावी, क्षणभर थांबावे आणि तो चमचा हुंगावा. घरातील विश्वासाच्या माणसास विचारणे अधिक उत्तम. त्याने पाहावे की वास तोंडातून फुंकलेल्या श्वासास येतो, की तोंड मिटून नाकातून सोडलेल्या श्वासास. नाकातून येत असेल, तर दोष नाकात वा त्यालगतच्या पोकळ्यांत असण्याचा संभव अधिक. तेथे पट्टीचे काम नाही.

जीभ घासण्याची रीत नवी नव्हे. चरक आणि सुश्रुत यांनी सोने, रुपे, तांबे इत्यादींची वाकडी, मऊ कडेची पट्टी सांगितली आहे. आजही तेवढेच पाहावे, की कड बोटास टोचू नये; धातू कोणता, यास फारसे महत्त्व नाही. दात घासून झाल्यावर जीभ पूर्ण बाहेर काढावी, श्वास सोडीत असता पट्टी जमेल तितकी मागे ठेवावी आणि हलक्या दाबाने पुढे ओढावी. पट्टी धुऊन पुन्हा असेच तीन-चार वेळा करावे. उमासे येत असतील, तर मध्यापासून आरंभ करून दिवसागणिक मागे सरकावे. रक्त आले म्हणजे दाब फाजील झाला, असे समजावे. पांढरा थर खरवडताना खाली लाल, रक्ताळ जागा दिसू लागली, तर तो मळ नसून बुरशीचा विकार असू शकतो. मधुमेही आणि दम्याचा औषधी फवारा घेणारे यांनी हे विशेष जपावे आणि वैद्यांस दाखवावे.

पट्टीचा गुण किती? याविषयींच्या प्रयोगांचा २००६ साली एक आढावा घेण्यात आला. त्यात असे दिसले की वायू कमी करण्यात पट्टी दाताच्या ब्रशहून थोडी अधिक उपयोगी पडते, परंतु तो परिणाम फार वेळ टिकत नाही. म्हणूनच पट्टी एकटी पुरत नाही. रात्री झोपण्यापूर्वी दोन मिनिटे मऊ ब्रशाने फ्लोराइडयुक्त पेस्ट लावून दात घासावे, आणि दातांच्या फटी धाग्याने वा बारीक ब्रशाने साफ कराव्या. हिरड्यांतून रक्त येत असेल, तर वासाचे दुसरे उगमस्थान तेच असू शकते. ते जिभेने नव्हे, दंतवैद्यानेच सुटेल. कवळी वापरणाऱ्या वडीलधाऱ्यांनी ती रात्री काढून घासून ठेवावी. चिरंजीवांसाठी मात्र एक साधी गोष्ट, बरोबर पाण्याची बाटली नेणे, पट्टीइतकीच गुणकारी ठरली.

आता मुलाकडे वळू. घसा धरण्याचे कारण बहुतेक वेळा सर्दीपडशाचे विषाणू, आणि मुलांमध्ये काही वेळा स्ट्रेप्टोकॉकस नावाचा जंतू असतो. हे शाळेत वा घरात खोकला-शिंकांतून येतात व घशाच्या आतील आवरणात आणि टॉन्सिलमध्ये रुजतात. जिभेवरील पट्टी तेथवर पोहोचतच नाही. त्यामुळे मुलाच्या घशास पट्टीने गुण आला नाही, यात नवल नाही. त्याच्यासाठी हात धुणे, पेला व ब्रश वेगळा ठेवणे अधिक कामाचे. एकाच भांड्यात साऱ्या घराचे ब्रश एकमेकांस टेकून उभे करणे टाळावे.

गुळण्यांचे काय? २००२-०३ च्या हिवाळ्यात जपानात ३८७ प्रौढांवर एक प्रयोग झाला. दिवसातून तीनदा साध्या पाण्याने गुळण्या करणाऱ्यांस सर्दीपडशाचा त्रास सुमारे एक-तृतीयांशाने कमी झाला. आयोडीनयुक्त औषधाने तसा लाभ स्पष्ट दिसला नाही. तेव्हा कोमट पाण्याच्या पेल्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या केल्यास आराम पडेल, ते खुशाल करावे; मात्र लहानग्यांस गुळणी न जमता पाणी गिळले जाते, त्यांच्यावर जबरदस्ती करू नये.

खरा धोका निराळाच आहे. घसा एकाएकी दुखून ताप आला, मानेतील गाठी दुखू लागल्या, टॉन्सिलवर पांढरे ठिपके दिसले आणि खोकला-पडसे मुळीच नसेल, तर तो स्ट्रेप्टोकॉकसचा घसा असण्याचा संभव मोठा. ह्याची उपेक्षा झाल्यास काही मुलांस दोन-चार आठवड्यांनी संधिवाताचा ताप येतो. सांधे एकामागून एक सुजतात आणि हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडू शकतात. दुखणे सुरू झाल्यापासून नऊ दिवसांच्या आत योग्य औषध सुरू झाल्यास हे टळते. म्हणून डॉक्टरांकडून घसा तपासून घ्यावा. त्यांनी पेनिसिलिन दिल्यास त्याचा दहा दिवसांचा क्रम, तिसऱ्या दिवशी ताप उतरला तरी, पुरा करावा. घशावर राखट, चिकटलेला पडदा दिसला तर तो खरवडू नये; ते घटसर्पाचे लक्षण असू शकते, त्याच घटकेस रुग्णालय गाठावे.

तेव्हा आजीबाईंची पट्टी घरात राहू द्यावी; वडिलांच्या हाती ती रोज सकाळी शोभते. नातवाच्या घशासाठी मात्र तापमापक, टॉर्च आणि वेळीच डॉक्टरांचे दार, हीच खरी साधने आहेत.