पुरुषांसाठी एक पान, साध्या मराठीत

लिंगाला ताठरता न येणे किंवा ती न टिकणे, याविषयी पुरुषांना माहिती मिळते ती बहुधा एसटी स्टँडच्या भिंतीवरच्या जाहिरातीतून. ‘गुप्तरोग, खात्रीशीर इलाज’ असे त्यात लिहिलेले असते. नपुंसकत्वावर किंवा लैंगिक ताकदीवर औषधाची अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानेच बंदी आहे. तरीही ती जाहिरात टिकते, कारण तिच्या शेजारी दुसरे काहीच लावलेले नसते. सरकारी दवाखान्यात या विषयावर साध्या मराठीतले एक पानी पत्रक हवे. ते गुप्तरोगाच्या खोलीत न ठेवता जिथे साखर आणि रक्तदाब तपासतात तिथे ठेवावे.

त्यामागे शरीररचनेचे कारण आहे. ताठरता येते ती लिंगात रक्त भरल्याने. ते रक्त आणणाऱ्या धमन्या जेमतेम एक ते दोन मिलिमीटर रुंद असतात, तर हृदयाच्या धमन्या तीन ते चार मिलिमीटर. मधुमेह, वाढलेला रक्तदाब, चरबी आणि तंबाखू यांनी धमन्या खराब होऊ लागल्या की बारीक धमनी आधी तक्रार करते. म्हणून चाळिशी-पन्नाशीतल्या पुरुषाचा हा त्रास काही वेळा हृदयविकाराच्या दोन ते पाच वर्षे आधी दिसतो. पत्रकाची पहिली ओळ हीच असावी: ‘हा त्रास तीन महिने टिकला तर आधी साखर आणि रक्तदाब तपासा.’

दुसरी ओळ कारण ओळखण्याची. पहाटे झोपेतून उठताना ताठरता येत असेल आणि अडचण फक्त संबंधाच्या वेळी असेल, तर मनावरचा ताण, भीती किंवा पती-पत्नीतला तणाव हे कारण असण्याची शक्यता जास्त. पहाटेची ताठरताही हळूहळू कमी झाली असेल, तर शरीरातले कारण शोधायला हवे. ही खूण पक्की नाही, पण डॉक्टरांना सांगण्यासारखी नक्की आहे. रक्तदाबाच्या आणि नैराश्याच्या काही गोळ्यांनीही हा त्रास होतो. अशा वेळी गोळी स्वतःहून बंद करायची नसते, डॉक्टरांकडून बदलून घ्यायची असते.

समजा, सेहेचाळीस वर्षांचा एक टेम्पोचालक आहे. तंबाखूची सवय जुनी, तपासणी कधीच नाही. सहा महिने त्रास होतोय, पहाटेही काही जाणवत नाही. मित्राच्या सांगण्यावरून तो मेडिकलमधून सिल्डेनाफिलची गोळी आणतो, भरपेट मटण आणि दारूवर घेतो, आणि काहीच झाले नाही म्हणून आपण कायमचे संपलो असे समजतो. खरे तर गोळी वाया गेली ती जेवणामुळे आणि दारूमुळे. ती साधारण तासभर आधी, रिकाम्या किंवा हलक्या पोटी घ्यायची असते आणि मनात इच्छा नसेल तर ती काम करत नाही. एका प्रयत्नावरून निकालही लावायचा नसतो. पण त्याची मोठी चूक वेगळीच आहे. तपासले असते तर त्याची उपाशीपोटीची साखर १६८ आणि रक्तदाब १५२/९६ निघाला असता. १२६ किंवा त्याहून जास्त साखर दुसऱ्या तपासणीतही आली की तो मधुमेह असतो. त्याला गोळीइतकीच गरज होती ती साखरेच्या उपचाराची आणि तंबाखू सोडण्याची.

पत्रकात एक इशारा मात्र ठळक अक्षरांत हवा. छातीत दुखण्यासाठी सॉर्बिट्रेट किंवा नायट्रेटची दुसरी गोळी घेणाऱ्याने ही औषधे घेऊ नयेत. दोन्ही एकत्र आली तर रक्तदाब जीवघेणा खाली येऊ शकतो. म्हणूनच सिल्डेनाफिल डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची परवानगी नाही. ‘पूर्ण आयुर्वेदिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांत हेच औषध गुपचूप मिसळलेले अनेकदा सापडले आहे, आणि पुडी घेणाऱ्या हृदयरुग्णाला त्याचा पत्ताही नसतो.

शेवटी पत्ता. सुरुवात प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयातल्या मधुमेह-रक्तदाब तपासणीत होऊ शकते. पुढे गरज पडली तर जिल्हा रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालय, तिथला मूत्ररोग किंवा मानसोपचार विभाग. मनावरच्या ताणासाठी टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. ओपीडीच्या रांगेत मोठ्याने काही सांगायची गरज पडू नये म्हणून पत्रकाच्या तळाशी एक वाक्य छापावे: ‘मला या पत्रकाबद्दल बोलायचे आहे.’ पुरुषाने तेवढी ओळ डॉक्टरांपुढे सरकवली तरी तपासणी सुरू होईल.